पाठ नसलेल्याने वाचायचा श्लोक

माझ्या रोजच्या यादीत एक ओळ तेव्हा बरेच दिवस मुक्काम करून होती: 'बाईंना सांगणे.' मी सकाळी कामाला बसले की आधी कालची यादी पुढे घेते, झालेली कामं खोडते आणि उरलेली नव्या पानावर उतरवते. कागदवाल्याला फोन, वर्गणी संपलेल्यांना पत्रं, जाहिरातीच्या मजकुराची आठवण, ही कामं दोन दिवसांत खोडली जात. 'बाईंना सांगणे' मात्र रोज नव्या पानावर जाऊन बसायचं.

सांगायचं एवढंच होतं की पुढच्या अंकापासून श्लोक तपासायला तुमच्याकडे पाकीट येणार नाही.

मी शनिवार पेठेतल्या एका त्रैमासिकाचं व्यवस्थापन पाहते. पूजासाहित्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हे त्रैमासिक सुरू केलं आणि आजही तेच ते चालवतात. संपादक त्याच शाळेचे, लिहिणारे बरेचसे त्याच शाळेचे, अक्षरजुळणी करणारे गृहस्थही तिथलेच. मी तेवढी बाहेरची. माझं माहेर कात्रजच्या पुढे, आता महापालिकेत आलेल्या एका गावात. आमच्या शाळेत संस्कृत नव्हतं. गुरुजींना दुधाच्या गाडीची वेळ सांभाळून शिकवावं लागे, त्यात संस्कृत कुठे बसवणार.

आमच्या अंकात मात्र संस्कृत फार. लेख पाककृतीवरचा असो की नदीच्या पुलांवरचा, सुरुवातीला किंवा शेवटी एखादा श्लोक असायचाच. छापताना सगळा त्रास व्हायचा तो तिथे. गद्यात एखादी वेलांटी चुकली तर वाचक पुढे जातो. श्लोकात चुकली तर तो थांबतो, चष्मा पुसतो आणि आम्हाला पत्र लिहितो.

त्या काळात आम्ही जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये येत होतो. लेखक जुन्या फाँटमध्ये मजकूर पाठवत, आमचं यंत्र तो बदलून घेई, आणि बदलताना नेमकी संस्कृतची अक्षरं सांडत. विसर्गाच्या जागी कोलन यायचा. दिसायला सारखाच, पण अक्षरापासून जरा सुटलेला, दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा. अवग्रहाच्या, म्हणजे संधीत गिळलेल्या 'अ'ची खूण म्हणून येणाऱ्या 'ऽ'च्या, जागी इंग्रजी एस यायचा. दंडाच्या जागी नुसती उभी रेघ, आणि ती पुष्कळदा ओळीवरून घसरून खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभी. पाय मोडलेल्या 'म'चा पाय धड व्हायचा. जोडाक्षरं सुटायची.

हे सगळं पकडायचं काम बाई करत. त्याच शाळेत त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं होतं. संपादक त्यांचे विद्यार्थी. निवृत्त झाल्यापासून दर अंकाच्या वेळी श्लोकांच्या प्रुफांचं पाकीट त्यांच्या घरी जायचं आणि चार-सहा दिवसांत परत यायचं. समासात तांबड्या पेन्सिलीच्या खुणा, आणि खाली एखादं वाक्य. 'उत्तरार्धाच्या शेवटी दोन दंड, पूर्वार्धाच्या शेवटी एक. तुम्ही उलट केले आहे. वाचक अर्ध्यातच उठून जाईल.' किंवा, 'संधी सोडवू नका. लेखकाला दया आली असेल तर अर्थ खाली द्यावा.'

त्यांची एक रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती. एखादा श्लोक त्या तपासतच नसत. त्यावर मोठी फुली मारून लिहीत, 'पाठ आहे. दुसऱ्याकडे द्या.' सुरुवातीला मला हे उलटंच वाटे. पाठ आहे तर आणखी सोपं. संपादकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई आहेत त्या. कारण विचारायची पद्धत नाही."

गेल्या अंकात एका श्लोकातलं जोडाक्षर सुटलं. पाकीट बाईंकडून आलं होतं, त्या श्लोकावर एकही तांबडी खूण नव्हती. अंक निघाल्यावर आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. 'आपल्या अंकातील श्लोक एका पायाने लंगडत आमच्या घरी पोचला. मलमपट्टी करून ठेवला आहे. कळावे.' खाली सही. अशी आणखी दोन-तीन आली, पण ती इतकी चांगली नव्हती.

संपादकांनी पोस्टकार्ड मला दाखवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "बाईंना दिसत नाहीये."

"मोतीबिंदू असेल."

"झालंय ते करून. हे दुसरं काहीतरी आहे. परवा रस्त्यात भेटल्या. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाल्या, कोण रे तू? आवाज ऐकला तेव्हा ओळखलं." मग म्हणाले, "आपण दुसरी सोय करू. तुम्ही त्यांना सांगा."

"मी?"

"तुम्ही शाळेच्या नाही. तुम्हाला जड जाणार नाही."

मी ते यादीत लिहून घेतलं. माझी ती सवयच आहे. जड की हलकं हे यादीत लिहायला रकाना नसतो.

पुढचा अंक शाळेच्या वर्धापनदिनाचा होता. त्यात मुख्य लेख शाळेच्या पहिल्या संस्कृत शिक्षकांवर होता, एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने लिहिलेला. तेही शाळेचेच. हे पहिले शिक्षक म्हणजे बाईंचेही गुरू. त्यांनी शाळेसाठी एक प्रार्थना रचली होती, एकच श्लोक, आणि शाळेत रोज सकाळी तो म्हटला जाई. लेखात तो मधोमध, मोठ्या अक्षरात छापायचा होता.

त्याचं प्रूफ अक्षरजुळणीवाल्यांनी वाचलं. ते वाचताना हळूच गुणगुणत होते. मग लेखक येऊन वाचून गेले. मग संपादकांनी वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "प्रार्थना म्हटली की अजूनही हात जोडले जातात बघा." तिघांनी सह्या केल्या. श्लोक निर्दोष.

मी म्हटलं, "हे एवढं पाकीट बाईंकडे न्यावं म्हणते. त्यांच्या गुरूंचं आहे. आणि जातेच आहे तर सांगूनही येते."

"हो," संपादक म्हणाले. "चहा घेतल्यावर सांगा. आधी सांगू नका."

बाई जवळच राहत. जुनी जागा पाडून झालेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरचं दार. घर अगदी नीटनेटकं, इतकं की मला बरं वाटलं. दाराशी चपलांची फळी, फळीवर फक्त त्यांच्याच चपला, किल्ल्या एका खिळ्याला, औषधं वाराप्रमाणे डब्यात. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासचं वय, ताठ पाठ, पातळाची घडी जिथल्या तिथे.

"पाकीट घेऊन स्वतः व्यवस्थापक आल्या," त्या म्हणाल्या. "काय बुडालं?"

मी म्हटलं, काही नाही, वर्धापनदिनाचा अंक आहे, शाळेच्या प्रार्थनेचा श्लोक आहे. आणि प्रूफ त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी हात पुढे केला नाही. "पाठ आहे मला. मी नाही बघणार."

मला वाटलं, संपादकांचंच बरोबर. दिसत नाही, आणि ते झाकायला ही रीत उपयोगी पडते आहे. मी म्हटलं, "बाई, पाठ तर सगळ्यांनाच आहे. तिघांनी वाचून सह्या केल्यात."

"तिघांनी वाचलं नाही. तिघांनी म्हटलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला येतो का हा श्लोक?"

"नाही."

"कधी ऐकलाय?"

"कार्यालयात आमचे संपादक सर गुणगुणतात तेवढा. शब्द कळत नाहीत. आमच्या शाळेत संस्कृत नव्हतं."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. संस्कृत येत नाही हे ऐकून इतकं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्या घराबाहेर त्यानंतरही पाहिलं नाही.

"मग बसा. चहा नंतर. शब्द वाचायचे नाहीत हं. शब्द वाचलात की अर्थ लागतो, अर्थ लागला की डोळे पुढे धावतात. एकेक अक्षर सांगायचं. अक्षर, त्याची वेलांटी, त्याचा काना-मात्रा, टिंब, मोकळी जागा. जे दिसेल ते."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, अंगठे आत दुमडले आणि आठ बोटं उघडी ठेवली. डोळे मिटले.

मी सुरू केलं. "व, पहिली वेलांटी. द ला य जोडलेला, त्याला काना. द, दुसरी वेलांटी. प ला काना-मात्रा. मग इंग्रजी एस सारखं काहीतरी."

"सारखं, की एसच?"

मी कागद जवळ घेतला. "एसच आहे. बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक आणि जरा वर."

"खूण करा. तिथे अवग्रह हवा. पुढे."

"य. म. अर्धा स, म ला काना. क, वर टिंब. मोकळी जागा."

तेवढ्यात त्यांची आठही बोटं एकामागून एक दुमडली गेली होती. त्यांनी ती पुन्हा उघडली. एक चरण म्हणजे आठ अक्षरं, एक चरण म्हणजे दोन हातांची आठ बोटं. अर्धं अक्षर मोजायचं नाही, ते पुढच्यात जातं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, बोटांकडे बघून मला कळलं. दुसरा चरणही आठ बोटांत बसला. शेवटी मी म्हटलं, "म, त्याचा पाय मोडलेला. मग दोन उभ्या रेघा."

"दोन?"

"दोन."

"इथे एक हवी. अर्धा श्लोक झालाय. पूर्णविराम घालून कुठे निघाले." त्या हसल्या. "पाय मोडलाय तो मात्र बरोबर मोडलाय. ओळीच्या शेवटी तिथे टिंब देतात लोक, ते चालत नाही. पुढे."

"क्ष, दुसरी वेलांटी. ण, मात्रा. त ला दोन मात्रा. ल, मात्रा. मोकळी जागा. व ला काना. त, मात्रा. परत तो एस. प, पहिली वेलांटी. ओळ संपली... नाही, मोकळी जागा आहे."

मी वर पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. सात बोटं दुमडलेली आणि उजव्या हाताची करंगळी ताठ उभी.

"परत वाचा."

मी परत वाचलं, अधिक हळू. सात बोटं मिटली, करंगळी उभीच राहिली.

"एक अक्षर गेलंय," बाई म्हणाल्या.

तीन माणसं, तिघंही शिकलेली, तिघांचेही डोळे धडधाकट, तिघंही लहानपणापासून हा श्लोक म्हणणारी. त्यांना ते अक्षर कागदावर नसताना ऐकू आलं होतं. आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या या बाईंना, त्यांनाही पाठ असताना, ते ऐकू आलं नव्हतं. कारण त्यांनी स्वतःची आठवण बाजूला ठेवून फक्त माझा आवाज ऐकला होता. ते किती अवघड असेल याचा अंदाज मला आज आहे, त्या दिवशी नव्हता.

"कुठलं अक्षर?" मी पेन्सिल काढली.

"ते मी नाही सांगणार."

"पण तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला जे माहीत आहे ते मला पाठ आहे. पाठ असलेलं म्हणजे मूळ नव्हे. साठ-पासष्ट वर्षं रोज घासलेली वस्तू आहे ती, कुठे झिजली असेल ते मला कसं कळणार? एक अक्षर कमी आहे एवढं बोटं सांगतात. कुठलं, ते कागद सांगेल. शाळेच्या कार्यालयात माझ्या गुरूंच्या हातचा श्लोक चौकटीत लावलाय. त्याचा फोटो आणा आणि तोही असाच वाचून दाखवा."

उरलेला चौथा चरण आम्ही वाचला. आठ बोटं बरोबर बसली. शेवटी मात्र एकच दंड होता. म्हणजे दोन्ही दंडांची अदलाबदल झाली होती.

मग चहा झाला. तो बाईंनीच केला. साखरेचा डबा, चहाचा डबा, सगळं हात न चाचपता. कप माझ्यापुढे ठेवताना मात्र त्यांनी आधी टेबलाची कड बोटाने शोधली. मला ते दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांना कळलं.

मी विचारून टाकलं. "बाई, तुम्हाला किती दिसतं?"

"माणूस दिसतं, चेहरा नाही. मोठ्या अक्षरातलं शीर्षक दिसतं. अनुस्वार गेला, मग वेलांट्या गेल्या. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? मग प्रुफं?"

"समोरच्या फ्लॅटमध्ये एक केरळची मुलगी राहायची, बँकेत होती. मराठी अक्षरं हिंदीमुळे यायची, संस्कृत अजिबात नाही. काय सुंदर वाचायची. टिंब म्हटलं की टिंबच. तांबडी पेन्सिलही तीच चालवायची, मी सांगेन तिथे. तिची बदली झाली." त्यांनी कप खाली ठेवला. "मग गेल्या अंकाला खालच्या मजल्यावरची सून आली वाचायला. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली. फार हुशार. इतकी हुशार की तिने छापलेलं वाचलंच नाही. जे बरोबर तेच वाचलं."

म्हणजे पोस्टकार्डातलं ते लंगडं जोडाक्षर असं निसटलं होतं. सुनेला तो श्लोक पाठ होता. जोडाक्षर सुटलेलं होतं तरी तिने ते जोडून सांगितलं, आणि बाईंची बोटं बरोबर मिटली.

"मी तिला विचारायला हवं होतं, तुला येतो का म्हणून," बाई म्हणाल्या. "माझाच नियम मी तिला लावला नाही. तिची डिग्री बघून राहिले."

आता मला माझं काम करायचं होतं. मी म्हटलं, "बाई, मला सरांनी दुसऱ्याही कामासाठी पाठवलंय."

"माहीत आहे. पाकिटाबरोबर व्यवस्थापक येत नाहीत. सांगून टाका, तुमच्या यादीत असेल."

मी सांगितलं. गोड करून नाही, पण पोस्टकार्डातली वाक्यं गाळून. पुढच्या अंकापासून दुसरी सोय, असं सर म्हणतात.

बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. चूक गेली ती गेली. फक्त एक आहे. तीन महिन्यांनी पाकीट येतं तेव्हा मी शिक्षिका असते. मधल्या दिवसांत नुसती म्हातारी. पाकीट बंद झालं की सगळे दिवस मधलेच."

त्यात तक्रार नव्हती. वाराप्रमाणे लावलेल्या औषधांच्या डब्याबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या.

मी निघताना म्हटलं, "सरांना मी काही सांगणार नाही. दाखवेन."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या मागे, चौकट होती. शाई तपकिरी झालेली, अक्षर मोठं, सुटंसुटं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि वाचला नाही. खरंच नाही वाचला. वाचला तर मी बिघडेन अशी मला भीती वाटली. तसाच बाईंकडे नेला, फोटो मोठा करून अक्षर-अक्षर सांगितलं. तिसऱ्या चरणात करंगळी मिटली.

"ल, मात्रा," मी म्हणाले होते, "मग ती नागमोडी खूण, म्हणजे अवग्रह. प, पहिली वेलांटी."

"हं. म्हणजे झिजलं नव्हतं," बाई म्हणाल्या. एवढंच, पण त्यांनी फोन हातात मागून घेतला आणि गुरूंच्या न दिसणाऱ्या अक्षरावर क्षणभर तळहात ठेवला.

काय झालं होतं तेही उलगडलं. त्या ओळीत 'ऽपि' दोनदा येतं. फाँट बदलताना पहिल्या जागी काहीतरी चौकोनी कचरा आला होता. अक्षरजुळणीवाल्यांनी तो पुसला, त्याच्यासोबत पुढचा 'पि'ही पुसला गेला, आणि मग गुणगुणत वाचल्यामुळे तो गेलेला त्यांना कळलाच नाही.

मी कार्यालयात आले. लेखकही आलेले होते. मी ते जुनंच प्रूफ संपादकांच्या पुढे ठेवलं. "सर, एकदा वाचता?"

त्यांनी वाचलं. छान वाचलं, चालीवर. तिसऱ्या चरणात ते गेलेलं अक्षर त्यांनी खणखणीत उच्चारलं. लेखकांनी मान डोलावली.

"आता अंगठे आत घ्या आणि अक्षर-अक्षर वाचा."

"हे काय, खेळ आहे का?" लेखक म्हणाले.

"बाईंचा आहे."

संपादकांनी अंगठे दुमडले. बाईंचं नाव निघालं की ते अजून सातवीत जात. 'क्ष, दुसरी वेलांटी' पासून वाचत गेले आणि करंगळीपाशी थांबले. पुन्हा वाचलं. मग त्यांनी कागद लेखकांकडे सरकवला. त्यांचीही करंगळी उभी राहिली. दोन प्रौढ पुरुष टेबलाच्या दोन बाजूंना एकेक करंगळी वर करून बसले होते. अशी करंगळी शाळेत वेगळ्या कामासाठी वर करतात. अक्षरजुळणीवाले म्हणालेच, "जाऊन या, बाई ओरडणार नाहीत."

संपादक हसले नाहीत. "बाईंनी पाहिलं?"

"पाहिलं नाही, ऐकलं. मी वाचलं. मला येत नाही म्हणून." आणि मग केरळची मुलगी, खालची सून, पोस्टकार्डातलं जोडाक्षर, सगळं सांगितलं. दोन वर्षं डोळ्यांशिवाय तपासलेल्या श्लोकांत किती चुका गेल्या ते अंक काढून बघा म्हटलं. संपादकांना अंक काढायची गरज पडली नाही. चुकीची पत्रं आली होती ती एकाच अंकाला, सुनेने वाचला त्या.

त्यांनी प्रुफावरची आपली सही खोडली. मग म्हणाले, "तुमच्याकडे पुढच्या तिमाहीत वेळ आहे का? वाचायला?"

"यादीत बसवते."

"आणि ते दुसरं, बाईंना सांगायचं?"

"ते मी सांगितलंय. आता हे तुम्ही जाऊन सांगा. तुम्ही शाळेचे आहात, तुम्हाला जड जाणार नाही."

ते त्याच संध्याकाळी गेले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाईंनी मला शुद्धलेखनाच्या वहीसारखं धुतलं. चहा मात्र दिला." मी यादीतली ओळ खोडली. श्लोक अंकात असा छापला गेला:

विद्यादीपोऽयमस्माकं सर्वगेहेषु दीप्यताम् ।
क्षीणे तैलेऽपि वातेऽपि स्नेहस्तं पातु सर्वदा ॥

आमच्या विद्येचा हा दिवा सगळ्या घरांत उजळो; तेल कमी झालं, वारा आला, तरी माया त्याला सांभाळो. अर्थ मला अंक निघाल्यावरच कळला. बाईंनी तोवर सांगू दिला नाही.

पुढे दर तीन महिन्यांनी मी पाकीट घेऊन जाऊ लागले. ही वाचायची पद्धत मला फार आवडली. माझ्या स्वभावाचीच होती. एकेक गोष्ट घ्यायची, आहे का नाही बघायचं, पुढे जायचं. कधी मी प्रश्न विचारी. एकदा म्हटलं, "हे 'दीपोऽयम्' कशाला? सरळ 'दीपः अयम्' लिहिलं तर लोकांना कळेल."

"मोजा," बाई म्हणाल्या.

मी बोटं दुमडत गेले. विद्या दीपः अयमस्माकं. आठ बोटं संपली आणि 'कं' हवेत राहिलं.

"अंगठा लागला ना? संधी ही काही सजावट नसते. तिच्यावर ओळ उभी असते. अर्थ सांगताना सोडवायची, श्लोकात नाही."

त्यांच्याकडून मी असंच शिकत गेले, आणि तिथेच सगळं बिघडलं. तीन-साडेतीन वर्षांनी एक दिवस मी वाचत होते, "त, मात्रा, वर टिंब," आणि बाई म्हणाल्या, "थांबा. टिंब आहे तिथे?"

मी पाहिलं. टिंब नव्हतं. असायला हवं होतं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आवाज पुढे धावला तुमचा. तुम्हाला यायला लागलं. आता तुम्ही माझ्या कामाच्या नाही."

मला इतका आनंद आणि इतकं वाईट एकदम पुन्हा कधी वाटलं नाही. मी विचारलं, मग आता? "दुसरं कोणी शोधा," त्या म्हणाल्या. "अगदी कोरं बघा. आणि डिग्री विचारा."

आमच्याकडे मांडणी करायला नवीन मुलगी लागली आहे. इंग्रजी माध्यमातली, शाळेत फ्रेंच घेतलेली. ती आणि मी आता बरोबर जातो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मॅम, इथे एक वीअर्ड सिम्बॉल आहे, स्नेकसारखा." बाईंचा चेहरा मी ओळखते तसाच खुलला.

"त्याला अवग्रह म्हणायचं," बाई म्हणाल्या. "पण का ते इतक्यात विचारू नकोस. जितके दिवस टिकशील तितके टीक."

ती वाचते. बाई डोळे मिटून ऐकतात. मी बाजूच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसते. पर्सच्या आड माझीही बोटं मिटत असतात. कुठे चूक आहे ते मला बाईंच्या आधी कळावं असं फार वाटतं. अजून एकदाही तसं झालेलं नाही. मला पाठ असलेले श्लोक आता बरेच झालेत, आणि त्या ओळींवर माझी करंगळी निमूटपणे मिटते. बाईंची उभी राहते.